गुगल मॅप्सवर आपल्याच नावाचं बनावट लिस्टिंग: सपोर्टला तक्रार कशी लिहायची, पुरावे कोणते जोडायचे?

डिसेंबरचा शेवटचा आठवडा. मालवणजवळ तारकर्लीला चार खोल्यांचा होमस्टे चालवणाऱ्या एका जोडप्याच्या दारात रात्री साडेनऊला पुण्याची गाडी येऊन थांबते. पाच माणसं, दोन लहान मुलं. "आमचं बुकिंग आहे, सहा हजार ॲडव्हान्स भरलेत." वहीत असं बुकिंगच नाही आणि चारही खोल्या भरलेल्या. पाहुणे मोबाइल पुढे करतात. गुगल मॅप्सवर होमस्टेचं नाव बरोबर आहे, अंगणाचा फोटोही याच अंगणाचा आहे. फक्त फोन नंबर वेगळा आहे. त्या नंबरवर कोणीतरी "हो, आम्हीच बोलतोय" असं सांगून यूपीआयवर पैसे घेतले आणि नंतर फोन बंद केला.

हा प्रसंग समजावून सांगण्यासाठी घेतला असला, तरी अशी फसवणूक नवी नाही. समुद्रकिनाऱ्यांवरची हॉटेलं, देवस्थानांजवळचे भक्तनिवास, गॅस एजन्सी, बँकेच्या शाखा अशा अनेकांच्या नावाने बनावट नंबर मॅपवर चढवले जातात. चिडलेला मालक लगेच मोबाइल उघडतो, त्या लिस्टिंगवर "रिपोर्ट" दाबतो आणि चार ओळींत संताप लिहून मोकळा होतो. काही दिवसांनी पाहतो तर लिस्टिंग तसंच असतं. तक्रार वाचणाऱ्याला दोन सारख्या नावांपैकी खरं कोणतं, हे ठरवता येईल असं त्या चार ओळींत काहीच नसतं. पत्राने तेवढं एकच काम करायचं असतं.

नेमकं काय झालंय?

मॅपवर चुकीचा नंबर दिसतो तेव्हा त्यामागे तीन वेगळ्या गोष्टी असू शकतात आणि प्रत्येकीचा रस्ता वेगळा आहे.

पहिली शक्यता म्हणजे लिस्टिंग आपलंच आहे, पण त्यातला नंबर कोणीतरी बदलला आहे. गुगल मॅप्सवर "Suggest an edit" हा पर्याय सगळ्यांना खुला असतो. मालकाने प्रोफाइल कधी ताब्यातच घेतलेलं नसेल, तर असा बदल मंजूर होऊन कित्येक दिवस कळतही नाही. इथे तक्रारीपेक्षा प्रोफाइलवर दावा करून पडताळणी पूर्ण करणं आणि नंबर दुरुस्त करणं हे जास्त जलद होतं. पडताळणीसाठी आता बहुतेक वेळा व्हिडिओ मागितला जातो. मध्ये न थांबवता, न कापता केलेल्या एकाच चित्रीकरणात आजूबाजूचा रस्ता, पाटी आणि कुलूप उघडून आत जाण्यासारखी मालकच करू शकेल अशी एखादी कृती दिसावी लागते.

दुसरी शक्यता अशी की लिस्टिंग आपलंच आहे, पण त्यावर दुसऱ्याच कुणीतरी आधी दावा केलेला आहे. कधी तो जुना मॅनेजर असतो, कधी "तुमचं गुगलचं काम करून देतो" म्हणून आलेला एजंट. अशा वेळी प्रोफाइलचा ताबा मागण्याची विनंती पाठवायची. ताबा असलेल्या माणसाला उत्तरासाठी तीन दिवस मिळतात. त्याने उत्तर दिलं नाही, तर पडताळणी करून ताबा मिळवण्याचा पर्याय सहसा उघडतो.

तिसरी शक्यता तारकर्लीच्या उदाहरणातली. आपलं लिस्टिंग जागेवर आहे, नंबरही बरोबर आहे आणि शेजारी त्याच नावाचं दुसरं लिस्टिंग उभं राहिलं आहे. नावात एखादं अक्षर इकडचं तिकडे किंवा शेवटी "बीच रिसॉर्ट" असं शेपूट. हा सरळ तोतयेगिरीचा प्रकार आहे आणि पुढचा सगळा मजकूर प्रामुख्याने त्याबद्दल आहे.

या तिन्हींतला फरक ओळखण्यासाठी दोन्ही लिस्टिंग उघडून "Share" मधून त्यांच्या लिंक घ्यायच्या. `maps.app.goo.gl` ने सुरू होणाऱ्या या लिंक ब्राउझरमध्ये उघडल्या की प्रत्येक ठिकाणाचा लांबलचक पत्ता दिसतो. दोन्ही लिंक वेगवेगळ्या जागी उघडत असतील, तर लिस्टिंग दोन आहेत. तक्रारीत ही लिंक लिहिणं अत्यावश्यक आहे. बनावट लिस्टिंग चालवणारा नाव रातोरात बदलू शकतो. नुसतं नाव लिहिलेली तक्रार मग हवेत राहते. लिंक मात्र त्याच ठिकाणाला धरून असते.

रिपोर्ट करण्याआधी पुरावा

सगळ्यात जास्त नुकसान इथे होतं. लोक आधी रिपोर्ट करतात आणि पुरावा नंतर शोधतात. तोवर बनावट लिस्टिंगचं नाव बदललेलं असतं, किंवा ते खरंच काढलेलं असतं आणि पोलिसांना दाखवायला हातात काहीच उरत नाही. शिवाय फसवणाऱ्याला फोन करून खडसावण्याचा मोहही आवरायला हवा. त्याला सुगावा लागला की तो पहिल्यांदा व्हॉट्सॲपवरचे मेसेज पुसतो.

स्क्रीनशॉट शक्यतो कॉम्प्युटरवर घ्यावेत. वर ब्राउझरमधली लिंक आणि कोपऱ्यात तारीख-वेळ दिसेल असा पूर्ण पडदा घ्यायचा. मोबाइलवर घेतलेल्या आणि नंतर कापलेल्या चित्रात लिंक नसते, त्यामुळे ते कोणत्या लिस्टिंगचं आहे हे सिद्ध होत नाही. बनावट लिस्टिंगचं नाव, पत्ता, फोन आणि वेबसाइट दिसणारा एक स्क्रीनशॉट, त्यातल्या फोटोंचे स्वतंत्र स्क्रीनशॉट आणि आपल्या खऱ्या लिस्टिंगचा एक, एवढं पुरतं.

त्यानंतर आपण खरे आहोत याचा पुरावा. सगळ्यात बोलका पुरावा म्हणजे दारावरच्या कायमस्वरूपी पाटीचा फोटो. त्यात पाटीबरोबर इमारत आणि रस्ताही दिसायला हवा. नुसत्या पाटीचा जवळून काढलेला फोटो कुठेही, कसाही तयार करता येतो. त्याच्या जोडीला त्याच नावाचा आणि पत्त्याचा सरकारी कागद लागतो. होमस्टेच्या बाबतीत पर्यटन खात्याकडची निवास व न्याहारी योजनेची नोंदणी, उद्यम प्रमाणपत्र, शॉप ॲक्टची नोंद किंवा जीएसटी असेल तर ते प्रमाणपत्र. महावितरणचं बिल पत्ता सिद्ध करतं, पण ते बहुधा घरमालकाच्या वैयक्तिक नावावर असतं. त्यामुळे एकट्या बिलावर होमस्टेचं नाव सिद्ध होत नाही. सोबत दुसरा कागद हवाच.

कागदावरचं नाव आणि मॅपवरचं नाव जुळतंय ना, हे इथेच तपासून घ्यावं. पुष्कळ जणांनी मॅपवर नावापुढे "बेस्ट सी व्ह्यू फॅमिली स्टे" असं काहीबाही जोडलेलं असतं. तक्रार तपासताना मग खऱ्याचंच नाव कागदांशी जुळत नाही आणि संशय उलटा फिरतो. खरं तर गुगलच्या नियमांनुसार नावात अशी जाहिरात चालत नाही. तक्रार करण्यापूर्वी आपलं नाव पाटीवर आहे तसं करून घ्यावं.

तिसरा गट चोरलेल्या फोटोंचा. आपण काढलेल्या फोटोची मूळ फाइल मोबाइलमध्ये असेल, तर तिच्या तपशिलात काढल्याची तारीख सापडते. उदाहरणातल्या जोडप्याकडे अंगणाच्या फोटोची मूळ फाइल आहे, तारीख १४ मे २०२२. बनावट लिस्टिंगवर तोच फोटो अलीकडे चढवलेला दिसतो. मात्र व्हॉट्सॲपवरून आलेल्या फोटोत मूळ तारीख बहुतेक वेळा राहत नाही, म्हणून मूळ मोबाइल किंवा गुगल फोटोजमधलीच प्रत वापरावी.

चौथा गट झालेल्या नुकसानीचा. फसलेल्या पाहुण्यांकडून यूपीआय व्यवहाराची पावती मागून घ्यावी. तिच्यावरचा बारा अंकी यूटीआर क्रमांक महत्त्वाचा. त्याच नंबरशी झालेल्या व्हॉट्सॲप बोलण्याचे स्क्रीनशॉटही घ्यावेत. पाहुण्यांची परवानगी घ्यायची, त्यांचा पत्ता, खाते क्रमांक झाकायचे आणि आधार कार्ड कुठेही जोडायचं नाही. स्क्रीनशॉट काढले म्हणून मूळ चॅट मात्र पुसायचं नाही. प्रकरण पुढे पोलिसांत किंवा कोर्टात गेलं, तर इलेक्ट्रॉनिक पुराव्यासोबत भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ खालचं प्रमाणपत्र लागतं आणि त्यासाठी मूळ नोंद ज्या उपकरणात आहे ते हाताशी असलेलं बरं.

तक्रार कुठे द्यायची?

लिस्टिंगवरचं "Suggest an edit" हे पहिलं दार. त्यात ठिकाण बंद करण्याचा किंवा काढून टाकण्याचा पर्याय असतो आणि कारण निवडावं लागतं. इथे एक चूक फार महागात पडते. दोन लिस्टिंग सारखी दिसतात म्हणून लोक "Duplicate" निवडतात. त्याचा अर्थ "ही दोन्ही ठिकाणं एकच आहेत" असा होतो. ते मान्य झालं, तर दोन्ही लिस्टिंग एकत्र होऊ शकतात आणि फसलेल्या पाहुण्यांनी बनावट लिस्टिंगवर लिहिलेले एक तारेचे रिव्ह्यू खऱ्याच्या गळ्यात येऊन पडू शकतात. "कायमचं बंद" हे कारणही चुकीचं, कारण ते ठिकाण कधी नव्हतंच. अशा ठिकाणी व्यवसाय अस्तित्वात नाही किंवा माहिती दिशाभूल करणारी आहे, या अर्थाचं कारण निवडावं.

या दारात पत्र लिहायला जागाच नसते. ती मिळते "Business Redressal Complaint Form" या फॉर्ममध्ये. गुगलच्या मदत विभागात हे नाव शोधलं की फॉर्म सापडतो. मॅपवरचं नाव, पत्ता, फोन नंबर किंवा वेबसाइट फसवणुकीसाठी वापरली जात असेल तर तक्रार करण्यासाठीच तो आहे. त्यात यांपैकी काय खोटं आहे ते निवडायचं, लिस्टिंगची लिंक द्यायची आणि कारण लिहायचं. रिव्ह्यू आणि फोटोंच्या तक्रारी इथे चालत नाहीत. फॉर्म भरल्यावर ईमेलवर पोच येते. तो ईमेल जपून ठेवावा, कारण पुढे काय झालं याचा निरोप प्रत्येक वेळी येतोच असं नाही.

तिसरं दार आपल्या पडताळलेल्या बिझनेस प्रोफाइलमधून सपोर्टला लिहिण्याचं. पुराव्याच्या फाइल जोडण्यासाठी ते सोयीचं पडतं. आपलं प्रोफाइल पडताळलेलं असेल, तर तक्रार कोण करतंय हा प्रश्न निम्मा तिथेच सुटतो.

"गुगल कस्टमर केअर नंबर" असं शोधून आलेल्या नंबरवर मात्र फोन करू नये. बनावट नंबरची तक्रार करायला निघालेला माणूस दुसऱ्या बनावट नंबरवर ओटीपी सांगून बसतो, अशी ही जागा आहे.

पत्राचा नमुना

फॉर्म इंग्रजीत असतात आणि तपासणारा माणूस मराठी वाचणारा असेल याची खात्री नसते. म्हणून प्रत्यक्षात पत्र साध्या, छोट्या वाक्यांच्या इंग्रजीत पाठवलेलं चांगलं. कोणते मुद्दे कोणत्या क्रमाने यावेत, ते या मराठी मसुद्यावरून दिसेल. रिकाम्या जागी स्वतःचा तपशील घालावा.

> विषय: आमच्या होमस्टेच्या नावाने तयार केलेलं बनावट लिस्टिंग, त्यावरील फोन नंबरवरून पैशांची फसवणूक
>
> मी …… (होमस्टेचं नाव), तारकर्ली, ता. मालवण, जि. सिंधुदुर्ग या होमस्टेची मालक आहे. आमचं पडताळलेलं लिस्टिंग: (लिंक १). आमचा फोन नंबर शेवटी ४१.
>
> बनावट लिस्टिंग: (लिंक २). त्यावर आमचं नाव, आमच्या गावाचा पत्ता आणि आमचे फोटो आहेत. फोन नंबर, शेवटी ८७, आमचा नाही. त्या नंबरशी आमचा कोणताही संबंध नाही. या पत्त्यावर या नावाचा दुसरा कोणताही व्यवसाय नाही.
>
> खोटा तपशील: नाव आणि फोन नंबर.
>
> हे लिस्टिंग बनावट असल्याचे पुरावे:
>
> जोड १: आमच्या पाटीचा, इमारतीचा आणि रस्त्याचा फोटो. पाटीवर आमचा खरा नंबर, शेवटी ४१, दिसतो.
>
> जोड २: उद्यम प्रमाणपत्र. नाव आणि पत्ता लिंक १ शी जुळतो.
>
> जोड ३: लिंक २ वरील ११ फोटोंपैकी ९ आमचे आहेत. त्यांपैकी एकाची मूळ फाइल, काढल्याची तारीख १४ मे २०२२, आणि लिंक २ वरील त्याच फोटोचा स्क्रीनशॉट.
>
> जोड ४: १७ ते २६ डिसेंबर या काळात तीन ग्राहकांनी शेवटी ८७ असलेल्या नंबरवरून मिळालेल्या यूपीआय आयडीवर एकूण १७,५०० रुपये भरले. तीन पावत्या, ग्राहकांची खासगी माहिती झाकलेली.
>
> जोड ५: सायबर गुन्ह्याच्या तक्रारीची पोच, क्रमांक …….
>
> मागणी: लिंक २ हे लिस्टिंग काढून टाकावं. ते लिंक १ मध्ये विलीन करू नये, कारण दोन्ही एकाच व्यवसायाची नाहीत. पोलिस तपासासाठी त्या लिस्टिंगच्या नोंदी जपून ठेवाव्यात.
>
> या प्रकरणातील आधीची तक्रार: क्रमांक ……, दिनांक …….
>
> वरील माहिती माझ्या माहितीप्रमाणे खरी आहे.
>
> नाव, ईमेल, फोन

प्रत्यक्ष पत्रात फोन नंबर अर्थातच पूर्ण लिहायचे.

हे पत्र कोरडं वाटेल आणि ते तसंच असायला हवं. पुण्याचं कुटुंब रात्री दारात उभं राहिलं, मुलं रडत होती, शेजाऱ्यांसमोर शोभा झाली, हे सगळं खरं असलं तरी तपासणाऱ्याला त्यावरून काही ठरवता येत नाही. पत्रातलं प्रत्येक वाक्य तपासता येईल असं आहे. लिंक उघडून पाहता येते, नंबर पाटीवरच्या नंबरशी जुळवता येतो, फोटो शेजारी शेजारी ठेवता येतात.

"जोड" म्हणून नुसत्या फाइल लावल्या नाहीत, तर प्रत्येक फाइल काय सिद्ध करते ते एका ओळीत सांगितलं आहे. दहा स्क्रीनशॉट पाठवून "पाहा आणि न्याय द्या" म्हटलं, तर पाहणाऱ्याने त्यात काय शोधायचं हे त्याला कळत नाही. ज्या फॉर्ममध्ये फाइल जोडायची सोयच नाही, तिथे याच ओळी मजकूर म्हणून उपयोगी पडतात. फाइलींना नावंही तशीच द्यावीत: `01_signboard.jpg`, `02_udyam.pdf`, `03_photo_compare.png`. मोबाइलने दिलेल्या लांबलचक आकडी नावांमधून पत्रातली जोड ३ कोणती, हे कुणी शोधत बसत नाही.

मागणीतला विलीनीकरणाचा उल्लेख मुद्दाम आहे. त्याचं कारण वर आलंच आहे. आणि पत्रात "हे काम शेजारच्या रिसॉर्टवाल्याचं आहे" असं एकही वाक्य नाही. संशय असला तरी तो सिद्ध करणारा कागद हातात नसेल, तर तो लिहायचा नाही. असा आरोप पत्राचं वजन कमी करतो आणि उद्या आपल्यावरच बदनामीचा दावा होण्याची वाट मोकळी करतो.

खोटा रिव्ह्यू असेल तर?

बनावट लिस्टिंगला फसलेले काही पाहुणे राग खऱ्या लिस्टिंगवर काढतात: "पैसे घेऊन फोन बंद करतात, चोर आहेत." हा रिव्ह्यू लिहिणारा खोटारडा नाही, तो खरंच फसला आहे. त्याला रिपोर्ट करण्याआधी रिव्ह्यूखाली शांतपणे उत्तर लिहावं: पैसे ज्या नंबरवर गेले तो आपला नाही, आपला नंबर हा, त्या फसवणुकीची तक्रार दिली आहे. पुष्कळदा असा माणूस स्वतःच रिव्ह्यू बदलतो आणि जोड ४ साठी पावतीही देतो.

मुद्दाम टाकलेल्या खोट्या रिव्ह्यूची गोष्ट वेगळी. इथे "हे खोटं आहे" एवढं म्हणून उपयोग होत नाही. व्यावसायिक आणि ग्राहक यांच्यात तथ्यांवरून वाद असेल, तर त्यात कोण बरोबर हे गुगल ठरवत बसत नाही. त्यामुळे "चादरी मळक्या होत्या" हे वाक्य खोटं असलं तरी ते पाडता येणं कठीण. पत्रात दाखवायचं ते हे की रिव्ह्यूने नियम मोडला आहे. तो त्या जागी आलेल्या माणसाचा अनुभवच नाही, स्पर्धकाने लिहिला आहे, किंवा एकच मजकूर अनेक ठिकाणी चिकटवला आहे. रिव्ह्यूमध्ये "स्विमिंग पूल घाण होता" असं असेल आणि होमस्टेला पूलच नसेल, तर आवाराचा फोटो जोडता येतो. "गेल्या आठवड्यात राहिलो" असं असेल आणि त्या आठवड्यात दुरुस्तीसाठी होमस्टे बंद असेल, तर त्या काळातली बंदची सूचना आणि कामाचं बिल जोडता येतं. त्याच नावाने त्याच दिवशी चार होमस्टेंवर शब्दशः सारखा रिव्ह्यू असेल, तर चारही लिंक द्याव्यात. "आमच्या वहीत या नावाचं कुणी नाही" हा युक्तिवाद लोकांना भक्कम वाटतो, पण तो सर्वांत लंगडा आहे, कारण गुगलवरचं नाव कुणीही काहीही ठेवू शकतो.

रिव्ह्यू आधी त्याच्या शेजारच्या तीन ठिपक्यांतून रिपोर्ट करायचा. त्याचं काय झालं ते रिव्ह्यू हाताळण्याच्या गुगलच्या टूलमध्ये दिसतं. निर्णय बाकी असेल तर "Decision pending", नकार असेल तर "Report reviewed - no policy violation". नकार आला तर अपील करता येतं, पण एकदाच. एका अपिलात जास्तीत जास्त दहा रिव्ह्यू निवडता येतात. ती एक संधी रिपोर्ट केल्याच्या रागात वापरून टाकण्यापेक्षा पुरावा गोळा होईपर्यंत थांबलेलं बरं. नातेवाइकांना आणि मित्रांना रिपोर्ट करायला सांगून पुराव्यात काहीच भर पडत नाही. आणि त्यांच्याकडून पाच तारांचे रिव्ह्यू लिहून घेणं तर आपल्यालाच अंगाशी येऊ शकतं, कारण तेही खोटे रिव्ह्यूच.

उत्तरच आलं नाही तर

तक्रारीवर काही दिवसांत हालचाल दिसली नाही, तर तेच पत्र, जुना तक्रार क्रमांक घालून, कंपनीच्या भारतातील तक्रार निवारण अधिकाऱ्याकडे पाठवता येतं. २०२१ च्या माहिती तंत्रज्ञान नियमांनुसार प्रत्येक मोठ्या प्लॅटफॉर्मला असा अधिकारी नेमून त्याचा संपर्क साइटवर द्यावा लागतो. तक्रारीची पोच २४ तासांत द्यायची असते. नियम लागू झाले तेव्हा निवारणाची मुदत १५ दिवसांची होती. पुढच्या दुरुस्त्यांनी काही प्रकारच्या तक्रारींसाठी ती कमी केली.

याच नियमांत दुसऱ्याचं रूप घेऊन टाकलेल्या मजकुरासाठी आणखी तातडीची तरतूद आहे. मात्र ती मुळात व्यक्तीने स्वतःबद्दल केलेल्या तक्रारीसाठी आहे. व्यवसायाच्या नावाला ती लागू होईलच असं धरून चालू नये. बनावट लिस्टिंगवर किंवा त्याच्याशी जोडलेल्या व्हॉट्सॲप खात्यावर मालकिणीचा स्वतःचा फोटो किंवा नाव वापरलं असेल, तर ते पत्रात वेगळ्या परिच्छेदात ठळकपणे लिहावं. अधिकाऱ्याचा निर्णय पटला नाही किंवा मुदतीत काहीच झालं नाही, तर केंद्र सरकारच्या तक्रार अपील समितीकडे `gac.gov.in` वर ३० दिवसांच्या आत ऑनलाइन अपील करता येतं.

पैशांचं काम यातल्या कोणत्याही पत्राने होत नाही. लिस्टिंग निघालं तरी १७,५०० रुपये परत येत नाहीत. त्यासाठी ज्याचे पैसे गेले त्या पाहुण्याने १९३० या हेल्पलाइनवर शक्य तितक्या लवकर फोन करावा किंवा `cybercrime.gov.in` वर तक्रार नोंदवावी. पैसे पुढच्या खात्यांत फिरण्याआधी तक्रार पोहोचली, तरच ते गोठवण्याची आशा असते. म्हणून रात्री साडेनऊला दारात उभ्या असलेल्या पाहुण्याला आधी हा नंबर द्यायला हवा, वाद नंतर. होमस्टेच्या मालकिणीनेही आपल्या बाजूने वेगळी तक्रार द्यावी. संगणकाच्या साहाय्याने दुसऱ्याचं रूप घेऊन फसवणूक करणं हा माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६६ड खाली गुन्हा आहे. त्याला तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक लाख रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे. या तक्रारीची पोच म्हणजेच पत्रातली जोड ५.

दरम्यान पाहुणे फसत राहतात, त्यामुळे खऱ्या प्रोफाइलवर एक पोस्ट टाकावी: बुकिंगचा एकच नंबर, पैसे अमुक नावाच्या खात्यावरच घेतले जातात, पैसे भरताना यूपीआयवर दिसणारं नाव तपासा. तोच मजकूर इन्स्टाग्रामच्या बायोत आणि व्हॉट्सॲप स्टेटसवर ठेवावा.

बनावट लिस्टिंग निघाल्यावरही काही आठवडे मॅपवर आपलं नाव मराठीत, इंग्रजीत आणि चुकीच्या स्पेलिंगने शोधून पाहावं लागतं, कारण हीच टोळी दुसऱ्या नंबरने नवं लिस्टिंग उभं करते. शोधताना आपल्या खात्यातून लॉगआउट करून पाहावं, म्हणजे पाहुण्याला काय दिसतं ते कळतं. नवं लिस्टिंग सापडलं, तर जुन्या तक्रारीला उत्तर देत बसण्यापेक्षा नव्या लिंकसह नवी तक्रार करायची आणि त्यात जुना क्रमांक घालायचा. जोड १, २ आणि ३ तयारच असतात. नवा स्क्रीनशॉट काढायचा आणि पत्रातली लिंक २ व शेवटी ८७ असलेला नंबर तेवढा बदलायचा.